फोटो काढून टाका, हे पत्रात कसं लिहायचं

सांगलीसारख्या गावातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत तिचा साखरपुडा झाला. गावातल्याच स्टुडिओने फोटो काढले, पैसे घेतले, अल्बम दिला. चार महिन्यांनी एका मामेबहिणीने तिला स्टुडिओच्या वेबसाइटची लिंक पाठवली. ‘आमची पॅकेजेस’ या पानावर सगळ्यात वर, अंगठी घालून घेतानाचा तिचाच फोटो. दरम्यान ते लग्न मोडलेलं होतं. तिने फोन केला. ‘काढतो ताई, मुलगा गावाला गेलाय, तोच वेबसाइट बघतो,’ असं उत्तर मिळालं. पुढच्या फोनलाही तेच. फोटो जिथल्या तिथे.

उदाहरण मी रचलेलं आहे, पण असं कुणाच्याही घरी घडू शकतं. एखाद्याने सूडापोटी टाकलेल्या अश्लील फोटोबद्दल आपण वाचतो आणि त्यासाठी कायदाही कडक आहे. पण फोटोत आक्षेपार्ह काही नाही, टाकणारा ओळखीचा आहे आणि त्याला आपलं काही चुकलंय असं वाटतच नाही, अशा वेळी करायचं काय? इथे पोलीस चौकीच्या आधी एक नीट लिहिलेलं पत्र कामाला येतं. फोनवरच्या ‘काढतो’चा पुरावा राहत नाही, पत्राचा राहतो.

पण पत्र पाठवण्याआधी पुरावा गोळा करायचा. पत्र पोचल्यावर समोरचा फोटो काढून टाकेल आणि ‘असा फोटो नव्हताच’ म्हणून मोकळा होईल, म्हणून हा क्रम मोडू नये. वेबसाइटचं पान कॉम्प्युटरवर उघडा. वरचा पत्ता आणि पडद्यावरची तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, शिवाय पूर्ण पानाची पीडीएफ करून ठेवा. मग फोटोवर राइट-क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा. आता वर जो पत्ता दिसतो, तो त्या फोटोच्या फाइलचा स्वतःचा पत्ता. तो पानाच्या पत्त्याहून वेगळा असतो आणि पत्रात दोन्ही लागतात. एक मोह मात्र टाळायचा. पुरावा म्हणून ते पान इंटरनेट आर्काइव्हवर जतन करू नका, कारण आपला फोटो आपल्याच हाताने आणखी एका जागी जातो आणि तिथून काढायला वेगळा अर्ज करावा लागतो.

फाइलच्या पत्त्यावर मी एवढा भर का देतोय, ते सांगतो. छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट पुष्कळदा वर्डप्रेसवर चालतात. तिथे एक फोटो चढवला की सॉफ्टवेअर त्याच्या वेगवेगळ्या आकारांच्या प्रती आपोआप बनवतं. मूळ फाइल `sakharpuda-12.jpg` असेल, तर शेजारी `sakharpuda-12-150x150.jpg` आणि `sakharpuda-12-300x200.jpg` अशाही फाइली तयार होतात. स्टुडिओवाल्याच्या मुलाने पानावरून फोटो हटवला, तरी या सगळ्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात. पान स्वच्छ दिसतं, पण फोटोचा थेट पत्ता कुणी उघडला की मुलगी पुन्हा हजर. म्हणून ‘फोटो काढा’ एवढं लिहून भागत नाही. मीडिया लायब्ररीतून फाइल कायमची पुसा, असं स्पष्ट लिहावं लागतं. तिथून पुसली की तिच्या लहान प्रतीही सहसा सोबत जातात.

आता मागणी कशाच्या आधारावर करायची? बहुतेक जण ‘माझी बदनामी होतेय’ असं लिहितात. या फोटोत तर मुलगी छान साडीत हसते आहे, मग बदनामी कसली, असा वाद स्टुडिओवाला घालू शकतो. त्याहून भक्कम आधार कॉपीराइटच्या कायद्यात आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. एरवी फोटोचा मालक तो काढणारा. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर कॉपीराइटची पहिली मालकी सांगणाऱ्याची. म्हणजे साखरपुड्याचे फोटो आपल्या जाहिरातीत लावण्याचा हक्क स्टुडिओला आपोआप मिळत नाही.

इथे दोन गोष्टी तपासायच्या. पहिली पावती. साखरपुड्याचा फोटोग्राफर बहुधा वडील ठरवतात, पैसेही तेच देतात. तसं असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालकी वडिलांची, मुलीची नव्हे. मग पत्रावर दोघांनी सही करावी. दुसरी गोष्ट, त्याच पावतीच्या मागचा बारीक मजकूर. ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याचा अधिकार स्टुडिओकडे राहील’ अशी ओळ असेल आणि तिच्याखाली सही असेल, तर कॉपीराइटचा मुद्दा लंगडा पडतो. तरीही पत्र लिहावं, पण हक्काच्या भाषेत नव्हे. विनंती म्हणून लिहावं आणि परिस्थिती बदलल्याचं एका वाक्यात सांगावं. ‘लग्न होणार नाही’ एवढं पुरे. का मोडलं, कुणाची चूक, हे पत्रात आणू नये. पत्र कुणाच्याही हाती पडू शकतं.

या मुलीच्या पावतीवर तसं काही नाही, असं धरू. तिचं पत्र असं असेल:

> श्री. ______ यांस,
>
> स. न. वि. वि.
>
> आपल्या वेबसाइटच्या `https://studio.example/packages` या पानावर माझा साखरपुड्यातला फोटो आहे. हिरवी साडी नेसून अंगठी घालून घेणारी व्यक्ती मी आहे. फाइलचा पत्ता: `https://studio.example/wp-content/uploads/2025/02/sakharpuda-12.jpg`
>
> हा फोटो प्रसिद्धीसाठी वापरायला मी किंवा माझ्या वडिलांनी संमती दिलेली नाही. छायाचित्रणाचं काम वडिलांनी सांगितलं होतं आणि मोबदलाही त्यांनीच दिला. पावतीची प्रत सोबत आहे. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ नुसार या फोटोचे हक्क त्यांच्याकडे आहेत.
>
> कृपया हा फोटो पानावरून, तसंच सर्व्हरवरून सर्व आकारांच्या प्रतींसह कायमचा काढावा. आपल्या सोशल मीडियाच्या खात्यांवर असल्यास तिथूनही काढावा. दि. ______ पर्यंत काम पूर्ण झाल्याचं ईमेलने कळवावं.
>
> आपले,
> (वडील व मुलगी, दोघांच्या सह्या)

धमकी नाही, शिव्या नाहीत, ‘कोर्टात खेचीन’ नाही. तारीख आहे, आणि सात दिवस पुरेसे आहेत. पत्र ईमेलने पाठवावं आणि पत्ता माहीत असेल तर स्पीड पोस्टनेही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंच, तर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद आहे ना, हे पाहून घ्यावं. वेबसाइटवाला ‘तुम्हीच त्या कशावरून?’ म्हणाला, तर ओळखपत्र मागण्याचं निमित्त त्याला देऊ नका. पावती आणि अल्बममधले त्याच प्रसंगाचे दोन-तीन फोटो पुरतात. आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी, झाकलेल्या क्रमांकाची प्रत द्यावी. ती यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येते.

समजा उत्तर आलं, ‘काढला.’ मग ब्राउझरची खासगी खिडकी उघडून दोन्ही पत्ते तपासा. फाइलच्या पत्त्यावर `404` ही खूण दिसली म्हणजे फाइल गेली. लहान आकाराच्या प्रतींचे पत्ते लिहून ठेवले असतील, तर तेही उघडून बघा. तरीही गूगलवर शोधल्यावर फोटोचं छोटं चित्र काही दिवस दिसत राहतं आणि माणूस हबकतो. तो गूगलचा जुना साठा असतो. त्यासाठी गूगलने `Refresh Outdated Content` नावाचं पान ठेवलं आहे. तिथे पत्ता भरला की गूगल पुन्हा पडताळणी करतं आणि मूळ जागी फोटो नसेल तर निकालातून काढतं. मूळ फोटो जागेवर असताना ही विनंती केली तर ती फेटाळली जाते, म्हणून आधी पत्र आणि मग गूगल.

उत्तर आलंच नाही तर? मग वेबसाइटला जागा देणाऱ्या कंपनीकडे जायचं. `lookup.icann.org` वर वेबसाइटचं नाव टाकलं की मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलं असतं, पण डोमेन कुणी नोंदवलं त्या कंपनीचं नाव आणि तक्रारीचा ईमेल मिळतो. ती कंपनी फाइली साठवणारी नसली, तर साठवणारी कोण हे तिच्याकडून किंवा सर्व्हरच्या माहितीवरून शोधावं लागतं. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ खाली अशा कंपनीला लेखी तक्रार करता येते. तक्रार नीट असेल तर कंपनीने ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसू न देण्याची व्यवस्था करायची असते आणि ती २१ दिवस टिकवायची असते. मात्र त्या २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर कंपनी फोटो पुन्हा खुला करू शकते. म्हणून वकिलाशी आधी बोलून ठेवावं आणि मगच तक्रार करावी. जो फोटो दुसऱ्याने आपल्या मर्जीने, मोबदला न घेता काढला, त्यावर मालकी सांगून अशी तक्रार करू नये. खोटी ठरलेली तक्रार आपल्यावरच उलटते.

सगळ्याच फोटोंना ही वाट लागू होत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत गर्दीत टिपला गेलेला चेहरा वृत्तपत्राने छापला, तर पत्राला कायद्याचं बळ जवळपास नसतं. संपादकाची सहृदयता हाच तिथे आधार. उलट, फोटो साधा असला तरी तो ठेवलेल्या जागेमुळे गुन्हा ठरू शकतो. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर एका स्त्रीचं प्रकरण आलं. तिच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे फोटो उचलून कुणीतरी अश्लील वेबसाइटवर टाकले होते. फोटोंत काहीच अश्लील नव्हतं. तरीही संमतीशिवाय अशा जागी ते टाकणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अशा प्रकरणात वेबसाइटला आणि सर्च इंजिनांना २४ तासांत मजकूर हटवायला सांगता येतं, आणि तपासासाठी त्याची माहिती किमान १८० दिवस जपून ठेवायची असते, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. तुमचा फोटो अशा जागी सापडला तर त्या मालकाला पत्र लिहूच नका. पत्रातून तुमचं नाव आणि ईमेल त्याच्या हाती जातो, आणि फोटो काढण्यासाठी पैसे मागणाऱ्यांचं आयतंच फावतं. पुरावा जपा आणि थेट `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

सांगलीच्या त्या मुलीने मात्र पत्रच पाठवावं, आणि वडिलांची सही घ्यायला विसरू नये.