रिकाम्या पावलांत काय बोलायचं?

कोड्यांच्या गेमचा वॉकथ्रू बघताना लोक नेमके कुठे पुढे सरकवतात? कोडं अवघड होतं तिथे नाही, पडद्यावर काहीच घडत नाही तिथे. म्हणून कॉमेंट्रीची संहिता लिहायला बसलं की आधी अशा रिकाम्या जागा मोजाव्यात.

‘सोकोबान’चं उदाहरण घेऊ. हिरोयुकी इमाबायाशी यांनी बनवलेला हा जपानी गेम १९८२ साली बाजारात आला. नावाचा अर्थ गोदामाचा रखवालदार. खोकी ढकलून ठरलेल्या जागी लावायची. ढकलता येतं, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच खोकं हलतं. याच्या बहुतेक आवृत्त्यांत पहिली म्हणून येणारी लेव्हल सहा खोक्यांची आहे. ती कमीत कमी २३० पावलांत सुटते आणि त्यातली ९७ पावलंच खोकं ढकलण्याची असतात. उरलेली १३३ नुसती चाल. सेकंदाला २ पावलं टाकली तर एक मिनिटाहून जास्त वेळ रखवालदार हात हलवत फिरतो. हे मिनिट कॉमेंट्रीने सांभाळायचं असतं.

इथे बहुतेकांचा आवाज चढतो, बोलणं भरभर होतं, ‘तर मित्रांनो’ची माळ सुरू होते. पण चढलेल्या आवाजाला पडद्यावर आधार नसेल तर ऐकणारा थकतो. आकाशवाणीवर क्रिकेटचं वर्णन ऐकलेल्यांना आठवेल, गोलंदाज मागे चालत जाई तेव्हा सांगणारा क्षेत्ररचना सांगे, आणि पुढच्या चेंडूची उत्सुकता तिथेच तयार होई. रिकाम्या पावलांतही तेच करायचं. चाल सुरू होताना प्रश्न टाकायचा, चाल संपते तिथे उत्तर द्यायचं.

या लेव्हलची सुरुवात बघा. मधल्या लांब बोळात एक खोकं आहे. ते सरळ उजवीकडे ढकललं की १२ घरं पार करून थेट जागेवर बसतं. अडचण एवढीच की त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं आणि तिकडची वाट वरच्या खोलीतून जाते. त्या खोलीत तीन खोकी सरकवून वाट करावी लागते, एक डावीकडे, एक वर, एक खाली. बोळातल्या खोक्यामागे पोचेपर्यंत १८ पावलं होतात आणि त्यांतली १५ रिकामी असतात. म्हणजे ९ सेकंद. माझ्या बोलण्याच्या वेगाने एवढ्या वेळात अठरा शब्द बसतात, मी त्याहून कमीच लिहिते:

‘खोकं समोर आहे, पण त्याच्या मागे जाता येत नाही. वाट कुणी अडवली आहे?’

अकराव्या पावलाला रखवालदार एका खोक्याच्या अगदी खाली उभा असतो. इथे मी चाल चार सेकंद थांबवते आणि म्हणते: ‘आत्ता चुकून वरची कळ दाबली, तर हे खोकं कोपऱ्यात जाईल. तिथून ते पुन्हा कधीच निघणार नाही.’ त्यानंतर बाराव्या पावलाला खालचं खोकं सरकतं आणि वाट मोकळी होते. बघणाऱ्याने धोका आधी ओळखलेला असतो, त्यामुळे साध्या पावलालाही वजन येतं. पुढे खोकं १२ घरं सरळ जातं, त्या सहा सेकंदांत मी एक शब्दही बोलत नाही. बघणाऱ्याला आपल्या उत्तराचा पडताळा घ्यायला तेवढी शांतता हवी असते.

तिसऱ्या-चौथ्या खोक्यापासून तोच बोळ, तोच परतीचा रस्ता. तेच वर्णन पुन्हा केलं की ऊर्जा गळते. तिथे चित्र वेगाने पळवावं आणि ‘आता वेगळं काय’ एवढंच सांगावं. दर खेपेला नवं काही सुचत नसेल तर ती खेप कापणंच बरं.

चूक झाली तर मात्र ती कापू नये. खोकं कोपऱ्यात अडकलं की कोणत्या पावलाला फसलो ते मागे जाऊन दाखवावं. उत्तर सांगण्याआधी तीन सेकंदांची पूर्वसूचनाही हवी. स्वतः सोडवू बघणाऱ्याला तेवढ्यात व्हिडिओ थांबवता येतो.

संहिता दोन रकान्यांत लिहावी. डावीकडे वेळ आणि पावलं, उजवीकडे शब्द. मग रेकॉर्डिंग दोनदा तपासावं. एकदा पडदा झाकून फक्त ऐकावं. खोकं कुठे आहे हे कळेनासं झालं, तर तिथे दिशा सांगायची राहिली आहे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघावं आणि आपलं बोट पुढे सरकवायच्या कळीकडे जाईल ती वेळ डाव्या रकान्यात नोंदवावी. पुढचा प्रश्न तिथेच लिहायचा असतो.