सोमवारच्या बैठकीचं एक पान

सोमवार, सकाळचे साडेनऊ. भोसरी-चाकण पट्ट्यातला, दुचाकीच्या गिअरबॉक्ससाठी शाफ्ट बनवणारा शंभर-सव्वाशे माणसांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. बैठकीला प्लांट हेड आणि उत्पादन, गुणवत्ता, मेंटेनन्स, स्टोअर्स, डिस्पॅच या विभागांची माणसं. पडद्यावर बावीस आकडे आहेत. काही गाडीच्या स्पीडोमीटरसारख्या तबकड्यांत, काही रंगीत पाय-चार्टमध्ये, आणि प्रत्येक आकड्याशेजारी गेल्या आठवड्याशी तुलना करणारा हिरवा किंवा लाल बाण. तासभर चर्चा होते. लाल बाण दिसला की संबंधित माणूस खुलासा करतो, हिरवा दिसला की पुढे सरकायचं. उठताना कोणी काय करायचं हे ठरलेलं नसतं. अशा बैठकांत मी बरीच वर्षं बसलो आहे. त्यात हुशार माणसांचा वेळ आणि उत्साह कसा झिजतो ते जवळून पाहिलं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

बावीसांतून पाच निवडताना प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारावा: हा बिघडला, तर या खोलीतला कोण माणूस, याच आठवड्यात, काय वेगळं करेल? विजेचं बिल, नगामागचा खर्च, महिन्याची विक्री हे महत्त्वाचे आकडे आहेत, पण हिशेब महिनाअखेरीला बंद होतो. दर सोमवारी ते अंदाजानं भरावे लागतात आणि त्यावर सोमवारी करण्यासारखं काही नसतं. ते मासिक बैठकीत जावेत. एकूण हजेरीची टक्केवारीही गळते, कारण माणूस कमी पडल्याचा परिणाम मशीन थांबण्यात दिसतोच.

या चाळणीतून आपल्या कारखान्यात पाच गोष्टी उरतात: ग्राहकाला वेळेवर गेलेला माल, अडणाऱ्या मशीनचे वाया गेलेले तास, पहिल्याच फेरीत न उतरलेले नग, शॉपफ्लोअरवर तुंबलेला माल आणि सुरक्षितता.

वेळेवर गेलेल्या मालाची व्याख्या कागदावर लिहून ठेवावी, कारण तिथेच आकडा निसटतो. समजा, आठवड्याच्या शेड्यूलमध्ये चाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक पार्ट, एक तारीख, एक संख्या. चौतीस ओळी ठरल्या दिवशी पूर्ण गेल्या, सहा अर्धवट किंवा उशिरा. ओळींनी मोजलं तर 85 टक्के. नगांनी मोजलं तर हाच आकडा 96 येऊ शकतो, कारण मोठ्या ऑर्डरी गेलेल्या असतात आणि राहिलेले नग थोडे असतात. पण ग्राहकाची असेंब्ली लाइन त्या थोड्या नगांपायीच थांबते. म्हणून ओळी मोजाव्यात. तारीखही ग्राहकानं पहिल्यांदा दिलेलीच धरावी. फोन करून पुढे ढकललेली तारीख धरली की आकडा शंभराजवळ जातो आणि डिस्पॅचचा माणूस मात्र रोज रात्री टेम्पो शोधत असतो. यासाठी सहा महिन्यांची साधी रेषा पुरते. तिच्या शेजारी चुकलेल्या सहा ओळींची नावं आणि कारणं लिहावीत. चर्चा त्या सहा ओळींवर व्हायला हवी.

आता अडणारं मशीन. आपल्या कारखान्यात टर्निंगची यंत्रं भरपूर आहेत, पण ग्राइंडिंगचं एकच, आणि प्रत्येक शाफ्ट त्यावरून जातो. त्याचा एक तास गेला की कारखान्याचाच एक तास जातो. इथे बरेच जण ओईई हा आकडा लावतात: मशीन किती वेळ चाललं, किती वेगानं चाललं आणि किती नग चांगले निघाले, या तीन प्रमाणांचा गुणाकार. संकल्पना चांगली आहे, पण गुणाकारात कारण हरवतं. मशीन 85 टक्के वेळ चाललं, वेग 90 टक्के आणि चांगले नग 98 टक्के असले तर ओईई 75 येतो. वेळ 90 आणि वेग 85 असला तरीही 75 च. पहिलं मशीन थांबतंय, दुसरं रेंगाळतंय. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आणि सगळ्या मशीनांची सरासरी लावली, तर ती वाढवण्यासाठी टर्निंगवाले गरज नसताना मशीन चालवत राहतात. मग ग्राइंडिंगपुढे ट्रे चढत जातात.

त्यापेक्षा ग्राइंडिंगचे वाया गेलेले तास कारणांनुसार दाखवावेत. तीन शिफ्ट, सहा दिवस, जेवण-चहा वजा जाता शिफ्टचे साडेसात तास, म्हणजे आठवड्याचे 135 तास. समजा त्यातले 31 गेले: सेटिंग बदलण्यात 13, माल नसल्यामुळे 7, ब्रेकडाउनमध्ये 5, फर्स्ट पीस अप्रूवलच्या प्रतीक्षेत 4, बाकी 2. याला आडव्या पट्ट्या हव्यात, सर्वांत लांब वर आणि मग उतरत्या क्रमानं. आडव्या यासाठी, की ‘फर्स्ट पीस अप्रूवल’सारखी लांब नावं मान वाकडी न करता वाचता येतात. हीच माहिती पाय-चार्टमध्ये घातली, तर 5 तासांची फोड मोठी की 4 तासांची, हे डोळ्याला ठरवता येत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की एकाच मापपट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक ओळखतो, तर कोन ओळखताना त्याची चूक वाढते. तबकडीची सुई हाही कोनच, आणि वर ती फक्त आजचा एक आकडा सांगून निम्मी जागा खाते. पट्टीची लांबीच वाचायची असल्यामुळे तिचा अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू व्हायला हवा.

तिसरा आकडा नापास नगांचा, आणि बैठकीतला सर्वांत जास्त वेळ इथेच फुकट जातो. आधी व्याख्या: फक्त स्क्रॅप मोजलं तर नग गुपचूप रिवर्कच्या ट्रेमध्ये जातात आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. म्हणून पहिल्या फेरीत न उतरलेला प्रत्येक नग धरावा, मग तो पुढे दुरुस्त झाला तरी. आता समजा, दहा आठवड्यांचे टक्के असे आहेत: 2.1, 2.6, 1.9, 2.4, 2.8, 2.2, 1.8, 2.5, 2.3, 2.7. शेवटच्या आठवड्यात 2.3 वरून 2.7 झाले. बाण लाल. गुणवत्तेचा माणूस उभा राहून काहीतरी कारण सांगतो, कारण सांगावंच लागतं. प्रश्न असा, की सांगण्यासारखं काही घडलं होतं का?

बेल कंपनीच्या उपकरणांचं उत्पादन करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर श्यूहार्ट यांनी 1924 मध्ये यासाठी नियंत्रण आलेख मांडला. त्याचं साप्ताहिक बैठकीला सोयीचं रूप शाळकरी गणिताचं आहे. दहा आकड्यांची सरासरी काढा: 2.33. मग लागोपाठच्या दोन आठवड्यांतला फरक दर वेळी किती, ते चिन्ह सोडून लिहा: 0.5, 0.7, 0.5, 0.4, 0.6, 0.4, 0.7, 0.2, 0.4. यांची सरासरी 0.49. तिला 2.66 या ठरलेल्या गुणकानं गुणलं की 1.3 येतात. ते सरासरीत मिळवले की वरची मर्यादा साधारण 3.6, वजा केले की खालची 1.0.

म्हणजे काहीही न बदलता हा कारखाना एखाद्या आठवड्यात दीड टक्का दाखवेल आणि एखाद्यात तीन. 2.7 ही बातमीच नाही आणि तिचं कारण शोधणं म्हणजे नसलेल्या माणसाचा पत्ता विचारणं. 3.9 आले, किंवा लागोपाठ आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूला गेले, तर मात्र त्या आठवड्यात काय वेगळं होतं ते शोधायचं: ग्राइंडिंग व्हील बदललं का, फोर्जिंगचा लॉट नवा होता का, हे शॉपवर जाऊन. आणि 2.33 हीच सरासरी जास्त वाटत असेल, तर या आठवड्याच्या नगांवर बोट ठेवून ती उतरणार नाही. पद्धतच बदलावी लागेल, आणि तो निर्णय प्लांट हेडचा आहे, ऑपरेटरचा नव्हे. मर्यादा एकदा काढल्या की गोठवाव्यात. दर आठवड्याला नव्यानं काढल्या, तर बिघाडही हळूहळू मर्यादेत सामावला जातो.

तुंबलेला माल नगांत सांगितला तर कोणाला काही वाटत नाही, दिवसांत सांगितला की वाटतं. शॉपवर 9,000 शाफ्ट आहेत आणि रोज 1,500 बाहेर पडतात, म्हणजे आज आत आलेला शाफ्ट सरासरी सहा दिवसांनी निघेल. प्रत्यक्ष कापकामाला लागणारा वेळ मात्र मिनिटांत मोजावा. शनिवारी संध्याकाळी ट्रे मोजून प्रत्येक टप्प्यापुढची पट्टी काढावी: टर्निंगपुढे एक दिवस, ग्राइंडिंगपुढे साडेतीन, तपासणीपुढे एक, पॅकिंगपुढे अर्धा. या पट्ट्या एकावर एक रचू नयेत, कारण मग फक्त तळाची पट्टी नीट वाचता येते. शेजारी शेजारी ठेवल्या की साडेतीन दिवसांचा डोंगर लगेच नजरेत भरतो. एखाद्या सोमवारी तो ग्राइंडिंगपुढून तपासणीपुढे सरकलेला दिसला, तर अडणारी जागा बदलली आहे आणि तासांचा तक्ताही आता तिथे न्यायला हवा.

सुरक्षिततेला आलेख लावू नये. अपघात विरळ असतात. शून्यांची रेषा काही शिकवत नाही आणि ‘इतके दिवस अपघात नाही’ या फलकामुळे किरकोळ इजा लपवण्याकडे माणसं वळतात. तिथे आठवड्यात थोडक्यात टळलेले प्रसंग शब्दांत लिहावेत, कोणत्या मशीनवर, काय, आणि त्यावरचं काम झालं की बाकी आहे. बाकी असलेलं काम किती दिवस बाकी आहे, हा आकडा पुरे.

हे सगळं ए-थ्री आकाराच्या एका कागदावर बसतं. छापताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक्सेल अक्षाचं माप आपोआप ठरवतं, त्यामुळे एका आठवड्यातली टेकडी पुढच्या आठवड्यात पर्वत दिसते. अक्षाची दोन्ही टोकं हातानं ठरवून कायम ठेवावीत. आणि लाल-हिरव्यावर अर्थ टांगू नये. अनेक पुरुषांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि कृष्णधवल प्रतीत ते दोन्ही करडेच होतात. मर्यादेबाहेरच्या बिंदूला गोल करावा, एवढं बस्स.

आता तीच बैठक. वरच्या पट्टीत सेटिंगचे 13 तास, खाली ग्राइंडिंगपुढे साडेतीन दिवसांचा माल, चुकलेल्या सहा ओळींपैकी चार त्याच मशीनवरच्या. तीन आलेख एकाच जागेकडे बोट दाखवतात. सेटर म्हणतो, “पुढच्या पार्टचं फिक्स्चर आणि व्हील आधीच ट्रॉलीवर आणून ठेवलं तर निम्मा वेळ वाचेल, साहेब. मशीन थांबल्यावर मी ते शोधत फिरतो.” स्टोअर्सच्या माणसाकडे ते काम जातं, नाव आणि तारीख पानाच्या तळाशी लिहिली जाते. वाया गेलेल्या एकूण तासांची एक बारीक रेषा पट्ट्यांच्या शेजारी असते. तिच्यावर त्या आठवड्यापाशी एक उभी रेघ मारायची आणि वर लिहायचं: ‘ट्रॉली सुरू’.