दोषारोपांची जोडणी : एका खटल्यात किती गुन्हे?

‘दोषारोप’ आणि ‘दोषारोपपत्र’ हे शब्द वर्तमानपत्रांत अनेकदा एकाच अर्थाने येतात. कायद्याच्या भाषेत मात्र ते भिन्न आहेत. दोषारोपपत्र पोलीस तपासाअंती न्यायालयात दाखल करतात. दोषारोप न्यायालय स्वतः ठेवते. आरोपीने कोणता गुन्हा, केव्हा, कोठे व कोणाविरुद्ध केल्याचे म्हणणे आहे आणि तो कायद्याच्या कोणत्या कलमाखाली येतो, हे त्यात लिहिलेले असते. तो आरोपीला वाचून व समजावून सांगितला जातो. आपल्याला कशाचे उत्तर द्यायचे आहे, हे त्याला या मजकुरावरूनच कळते.

म्हणूनच भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 मधील कलम 241 चा मूळ नियम असा आहे की, प्रत्येक भिन्न गुन्ह्यासाठी स्वतंत्र दोषारोप असावा व त्याची न्यायचौकशीही स्वतंत्र व्हावी. गुन्हे एकत्र चालवणे हा अपवाद आहे. हे अपवाद एका उदाहरणातून पाहू.

एका पतसंस्थेच्या रोखपालाने 8 ऑगस्ट 2024 ते 20 मे 2025 या काळात ठेवीदारांनी भरलेल्या रकमांतून 46 वेळा पैसे काढून घेतले. एकूण अपहार 3,70,000 रुपयांचा. तो लपवण्यासाठी त्याने खातेवहीत खोट्या नोंदी केल्या. पुढे डिसेंबर 2025 मध्ये शेताच्या बांधावरून त्याने शेजाऱ्याला मारहाण केली. हे सर्व एकाच खटल्यात चालवता येईल काय?

प्रथम अपहार पाहा. एका प्रकारचे गुन्हे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बारा महिन्यांच्या आत घडले असतील, तर त्यांपैकी जास्तीत जास्त पाच एकत्र चालवता येतात, असे कलम 242 सांगते. जुन्या 1973 च्या संहितेत ही मर्यादा तीन होती. मग 46 कृत्यांचे काय? येथे कलम 235 उपयोगी पडते. फौजदारी विश्वासघात किंवा पैशाचा अपहार असेल, तर प्रत्येक रक्कम व तारीख न देता एकूण रक्कम आणि पहिली व शेवटची तारीख देऊन एकच दोषारोप ठेवता येतो, आणि तो एकच गुन्हा मानला जातो. अट एकच : या दोन तारखांमधील काळ एक वर्षाहून अधिक नसावा. आपल्या उदाहरणात तो साडेनऊ महिन्यांचा आहे. अपहार ऑक्टोबर 2025 पर्यंत चालला असता, तर सर्व रक्कम एका दोषारोपात बसली नसती.

खोट्या नोंदी हा निराळा गुन्हा असला, तरी अपहार लपवण्यासाठीच त्या केलेल्या आहेत. म्हणून कलम 243 नुसार त्यांचा स्वतंत्र दोषारोप ठेवून तो त्याच खटल्यात चालवता येतो. मारहाणीचा मात्र अपहाराशी प्रकारानेही संबंध नाही आणि घटनाक्रमानेही नाही. तिची चौकशी वेगळीच होईल. आरोपीने स्वतः लेखी विनंती केली आणि त्याचे अहित होणार नाही असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तरच ती एकत्र होऊ शकते.

इतकी काटेकोर मर्यादा कशासाठी? सुब्रह्मण्य अय्यर यांच्या मद्रासमधील खटल्यात दोन वर्षांत पसरलेली 41 कृत्ये एकत्र चालवली गेली होती. 1901 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती दोषसिद्धी रद्द केली. अनेक आरोपांची रास पाहिली की एकाही आरोपाचा पुरावा पुरेसा नसताना ‘काहीतरी केलेच असेल’ असा ग्रह होतो. हा धोका टाळणे हा मर्यादेचा हेतू आहे.

मात्र चुकीची जोडणी झाली म्हणून आज खटला आपोआप रद्द होत नाही. विली स्लेनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये दोषारोपातील चुकीमुळे आरोपीचे प्रत्यक्ष अहित झाले काय, ही कसोटी महत्त्वाची मानली. कलम 510 मध्येही, चुकीमुळे न्यायाची हानी झाली असेल तरच निर्णय अवैध ठरतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

एकाने जानेवारी ते सप्टेंबर 2025 या काळात चार व्यक्तींकडे चार साध्या चोऱ्या केल्या. योग्य पर्याय निवडा.

(अ) फिर्यादी भिन्न असल्याने चार खटले अनिवार्य.
(आ) चार दोषारोप, पण एक खटला चालू शकतो.
(इ) एकूण रकमेचा एकच दोषारोप पुरेसा.
(ई) तीनच चोऱ्या एकत्र चालतील.

उत्तर : (आ). फिर्यादी एकच असण्याची अट कलम 242 मध्ये नाही, म्हणून (अ) चूक. एकूण रकमेची सवलत विश्वासघात व अपहार यांनाच आहे, चोरीला नाही, म्हणून (इ) चूक. (ई) मध्ये जुन्या संहितेची मर्यादा आहे. आपण (इ) निवडला असल्यास कलम 235 वरील परिच्छेद पुन्हा वाचावा.