जन्मदर घटला, तरी लोकसंख्या का वाढत राहिली?

१९११ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीत सुमारे २५ कोटी २० लाख माणसे होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ती सुमारे पावणेआठ लाखांनी कमी भरली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे हे एकमेव दशक आहे. त्यानंतर ती कधीच घटली नाही, म्हणून १९२१ या वर्षाला 'महाविभाजन वर्ष' म्हणतात.

या दशकात लोकांना मुले कमी झाली होती का? अजिबात नाही. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ४८ मुले जन्माला येत होती. आज हा आकडा २० च्याही खाली आहे. पण त्या काळी हजारामागे जवळपास तेवढीच माणसे दरवर्षी मरतही होती. प्लेग, पटकी, हिवताप, दुष्काळ हे नेहमीचेच होते. त्यात १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई बंदरातून ती देशभर पसरली आणि काही महिन्यांत एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे दगावली. तेव्हाचे सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षांचे होते. याचा अर्थ माणसे विशीत मरत होती असा नाही. जन्मलेल्या मुलांपैकी फार मोठा वाटा पहिल्या पाच वर्षांतच जात असे, त्यामुळे सरासरी खाली येई. जी मुले त्यातून वाचत, त्यांच्यातली बरीच पन्नाशी-साठीपर्यंत जगत.

लोकसंख्याशास्त्रात या स्थितीला संक्रमणाचा पहिला टप्पा म्हणतात. जन्मदर उंच, मृत्युदरही उंच, आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. अमेरिकन अभ्यासक वॉरेन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये देशांची अशी वर्गवारी मांडली आणि पुढे १९४५ च्या सुमारास फ्रँक नोटेस्टाइन यांनी तिला सिद्धांताचे रूप दिले. सिद्धांत थोडक्यात असा: आधी मृत्युदर उतरतो, जन्मदर काही काळ तिथेच राहतो, मग तोही उतरू लागतो आणि शेवटी दोन्ही दर खालच्या पातळीवर पुन्हा जवळ येतात. लोकसंख्या वाढते ती या दोन्हींच्या मधल्या काळात. म्हणजे तिच्या वाढीचे मूळ कारण लोकांना जास्त मुले होऊ लागली हे नसून, झालेली मुले जगू लागली हे आहे.

अंतर कसे वाढत गेले

१९२१ नंतर भारतात मृत्युदर उतरू लागला. प्लेगचा जोर ओसरला, रेल्वेमुळे दुष्काळी भागात धान्य पोचू लागले आणि १९१८ सारखी साथ पुन्हा आली नाही. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हा मोठा आणि भीषण अपवाद. तरीही १९४१-५१ या दशकात मृत्युदर हजारी २७ पर्यंत आला होता.

स्वातंत्र्यानंतर ही घसरण आणखी वेगवान झाली. हिवतापाचे उदाहरण घेऊ. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यातले सुमारे आठ लाख मरत, असा अंदाज होता. घरोघरी भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत नोंद झालेल्या रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. (हिवताप पुढे सत्तरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर परतला, पण ती वेगळी कथा आहे.) युरोपात मृत्युदर उतरायला शंभर-दीडशे वर्षे लागली, कारण औषधे, गटारे आणि लसी तिथे एकेक करून सापडत गेल्या. भारताला त्या तयार मिळाल्या.

जन्मदर मात्र हलला नाही. १९५१-६१ या दशकात तो हजारी सुमारे ४२ होता, म्हणजे आधीच्या दशकापेक्षा किंचित जास्तच. हे विचित्र वाटते, पण त्यामागे एक साधे कारण दिसते. मृत्युदर उतरला म्हणजे तरुण पुरुषही कमी मरू लागले. ज्या समाजात विधवेचा पुनर्विवाह सहसा होत नसे, तिथे नवरा जिवंत राहिला की संसाराची वर्षे वाढली आणि त्याबरोबर मुलांची शक्यताही. शिवाय घरात किती मुले हवीत हे लोक मागच्या पिढीचा अनुभव पाहून ठरवतात. चारातली दोन दगावतात हे ज्यांनी पाहिले, त्यांना आता चारही जगतील याचा भरवसा यायला वेळ लागतो.

आता हिशेब करून पाहू. १९५१-६१ मध्ये जन्मदर ४१.७ आणि मृत्युदर २२.८ होता. वजाबाकी १८.९. म्हणजे हजार माणसांत वर्षाला जवळपास १९ माणसांची भर, टक्क्यांत सांगायचे तर १.८९ टक्के. चक्रवाढीने दहा वर्षांत ही वाढ साडेवीस टक्क्यांच्या घरात जाते. प्रत्यक्ष जनगणनेने सुमारे साडेएकवीस टक्के वाढ दाखवली. दोन्ही आकडे इतके जवळ यावेत याचा अर्थ असा की, देशाच्या वाढीत स्थलांतराचा वाटा फार नव्हता. सगळा खेळ या दोन दरांतल्या अंतराचा होता.

१९७१ मध्ये जन्मदर ३६.९ वर उतरला होता. पण मृत्युदर त्याहून वेगाने उतरून १४.९ झाला होता. अंतर २२. जन्मदर कमी झाला, तरी वाढीचा वेग जास्त झाला. १९६१-७१ च्या दशकात लोकसंख्या जवळपास २५ टक्क्यांनी वाढली, ती आजवरची सर्वाधिक दशवार्षिक वाढ. १९५१ चे ३६ कोटी १९८१ मध्ये ६८ कोटी झाले.

तिसरा टप्पा आणि एक कोडे

जन्मदर उतरावा यासाठी प्रयत्न करणारे लोक खूप आधीपासून होते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ सालीच, म्हणजे नेमके त्या महाविभाजन वर्षात. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. परंतु जन्मदराची खरी घसरण सत्तरच्या दशकापासून पुढे दिसते. मुली शाळेत जास्त वर्षे राहू लागल्या, लग्नाचे वय वाढले, मुलाला शिकवायचे तर खर्च येतो हे घराघरांत कळले, आणि मुख्य म्हणजे बालमृत्यू घटले. १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हे प्रमाण २८ झाले.

१९८१ मध्ये ३३.९ असलेला जन्मदर २०११ मध्ये २१.८ वर आला. म्हणजे तीस वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक घट. मग त्या वर्षी देशात कमी मुले जन्मली असतील? गुणाकार करून पाहा. १९८१ मध्ये ६८.३ कोटी लोकसंख्येत हजारी ३३.९ या दराने सुमारे २ कोटी ३२ लाख बाळे जन्मली. २०११ मध्ये १२१ कोटींत हजारी २१.८ या दराने सुमारे २ कोटी ६४ लाख. दर घटला, बाळे वाढली. मृत्यूंची संख्या दोन्ही वर्षी सुमारे ८५ लाखांच्या आसपासच होती, कारण लोकसंख्या वाढली तसा दर उतरत गेला. परिणामी, १९८१ मध्ये देशात वर्षाला जवळपास दीड कोटी माणसांची भर पडत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन कोटींच्या वर गेली.

हे का घडते, ते एका काल्पनिक गावावरून समजेल. गावात १०० आजी-आजोबा, २०० आई-वडील आणि ३०० मुले आहेत, एकूण ६००. आई-वडिलांच्या पिढीला जोडप्यामागे तीन मुले झाली, हे आकड्यांवरून दिसतेच. आता गावाने ठरवले की यापुढे प्रत्येक जोडप्याला दोनच मुले. सगळ्यांनी ते पाळले. पुढच्या पिढीत जुने आजी-आजोबा गेले, २०० आई-वडील आजी-आजोबा झाले, ३०० मुले आई-वडील झाली आणि त्यांना ३०० मुले झाली. गाव ८०० चे. आणखी एका पिढीने तिन्ही गट ३००-३०० चे, गाव ९०० चे. दोनच मुलांचा नियम एकाही घराने मोडला नाही, तरी गाव दीडपट झाले. आधीच जन्मून बसलेली मुले मोठी होऊन आई-वडील होतात, ती संख्या कोणताही कार्यक्रम मागे घेऊ शकत नाही.

भारताची आजची अवस्था अशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी मुले २.० निघाली, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी साधारण २.१ लागतात. म्हणजे देश या रेषेच्या खाली आला आहे. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहील.

दर फसवतात ते कुठे

जन्मदर आणि मृत्युदर हे सरळ हजारी दर आहेत, वयाचा विचार ते करत नाहीत. म्हणून दोन राज्यांची तुलना करताना चूक होते. २०२० मध्ये बिहारचा मृत्युदर ५.४ होता आणि केरळचा ७.०. यावरून बिहारमध्ये आरोग्य अधिक चांगले, असे कोणी म्हटले तर ते उलटे ठरेल. केरळमध्ये माणसे जास्त जगतात. पण तिथे साठीच्या वरची माणसे २०२१ च्या अंदाजाने साडेसोळा टक्के आहेत, बिहारमध्ये पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हातारी माणसे जिथे जास्त, तिथे मृत्यूही जास्त. चौथ्या टप्प्यातून पुढे जाणाऱ्या प्रत्येक समाजात मृत्युदर पुन्हा वर चढतो तो याच कारणाने. जपानमध्ये तो जन्मदराच्या वर गेला आहे आणि लोकसंख्या दीड दशकाहून अधिक काळ घटते आहे. काही अभ्यासक याला पाचवा टप्पा म्हणतात. मूळ सिद्धांतात तो नव्हता.

सिद्धांताची आणखी एक मर्यादा आहे. तो क्रम सांगतो, वेळ सांगत नाही. फ्रान्समध्ये जन्मदर मृत्युदराबरोबरच उतरू लागला, त्यामुळे तिथे लोकसंख्येचा स्फोट झालाच नाही. केरळ श्रीमंत होण्याआधी तिथला जन्मदर उतरला, तर सिद्धांताच्या जुन्या मांडणीत आधी कारखाने आणि शहरे यायला हवी होती. आणि एकाच देशात सगळे टप्पे एकत्रही असतात. याच सर्वेक्षणात बिहारमध्ये एका स्त्रीमागे ३ मुले होती. महाराष्ट्र ज्या पायरीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला होता, त्याच पायरीवर बिहार तीस वर्षांनी उभा आहे. त्यामुळे पुढची काही दशके देशाच्या वाढीचा मोठा भाग उत्तरेकडच्या राज्यांतून येईल, आणि दक्षिण-पश्चिमेकडच्या राज्यांत शाळांपेक्षा म्हाताऱ्यांच्या दवाखान्यांची गरज आधी वाढेल.