वर्णमनंतर माईक देऊ नका

भरतनाट्यमच्या पहिल्या रंगमंचीय कार्यक्रमाला, म्हणजे अरंगेत्रमला, सगळ्यांत जास्त खाडाखोड होते ती कार्यक्रमपत्रिकेतल्या 'गुरुवंदना व मनोगत' या ओळीची. नाच वर्षानुवर्षं घोटलेला असतो, वादकांशी बोलणं झालेलं असतं, पण मुलींनी ताईंचे आभार मानायचे कधी, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "वर्णम झालं की मध्यंतरच आहे, तेव्हाच उरकून घेऊ." मला विचाराल तर संध्याकाळ विस्कटण्याची सुरुवात बहुतेकदा इथून होते.

वर्णम हा कार्यक्रमातला सर्वांत लांब आणि दमवणारा भाग. अर्धा-पाऊण तास चालणारा. एकदा जतींचा लखलखाट, लगेच ओळीवरचा अभिनय, पुन्हा जती. तो संपतो तेव्हा मुलीचा श्वास वरच्या वर चाललेला असतो. अशा वेळी हातात माईक दिला की सभागृहाला आधी धाप ऐकू येते, मग हुंदका. काजळ गालावर उतरतं. त्याहून वाईट म्हणजे पुढे पदम असतं, विलंबित, चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर तोललेलं. नुकतीच रडलेली मुलगी विरहिणी होऊ शकेल असं वाटतं खरं, पण तसं होत नाही. स्वतःचं रडू आणि नायिकेचं रडू यांत अंतर ठेवायलाच तर ती इतकी वर्षं शिकलेली असते.

मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात हे नीट जमलं होतं. पुण्यातल्या एका वर्गाच्या चार मुलींचं मिळून अरंगेत्रम होतं. आभाराचं बोलणं त्यांनी तिल्लाना आणि मंगलम या दोन्हींनंतर ठेवलं. मध्यंतरात वेश बदलेपर्यंत पाहुण्यांचं भाषण आणि वादकांचा सत्कार झाला. मृदंग, व्हायोलिन, बासरी आणि गायन करणाऱ्यांना त्याच वेळी श्रीफळ-शाल दिली गेली, नावं बिनचूक उच्चारली गेली. ही नावं आयत्या वेळी चुकतात, म्हणून एकीने ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून निवेदिकेच्या हातात दिली होती.

खरं तर बोलण्याआधीच आभाराचं बरंचसं काम नाचात झालेलं असतं. सुरुवातीच्या नमस्कारात हात डोक्याच्या वर जोडले की तो देवाला, कपाळासमोर जोडले की गुरूला आणि छातीशी जोडले की सभेला. रोजच्या वर्गातही मुली हेच करतात. शिवाय अरंगेत्रमच्या आधी कधीतरी घुंगरूपूजन होतं. नटराजापुढे ठेवलेले घुंगरू ताई स्वतःच्या हाताने शिष्येला देतात. ते पायात आले की चूक लपत नाही. पाय अर्ध्या मात्रेने उशिरा पडला तरी चामड्याच्या पट्टीवर शिवलेल्या त्या घंट्या चुगली करतात.

आज आपण मंचावर पाहतो तो क्रम, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम असा चढत जाणारा मार्गम, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी घडवल्याचं मानतात. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले होते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) नावावर नाचासाठीच्या मराठी रचनाही आहेत, आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या पुन्हा मंचावर आणल्या. त्या जुन्या व्यवस्थेत मनोगताला जागा नव्हती. नट्टुवनार, म्हणजे टाळ वाजवत जती म्हणणारा गुरू, नाचणारीच्या मागे उभा असे, आणि अरंगेत्रमनंतर तिला मिळणाऱ्या बिदागीत त्याचा वाटा असे. १९२५ मध्ये कांचीपुरमच्या देवळात बालसरस्वती पहिल्यांदा नाचल्या तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आज फी दरमहा दिली जाते, त्यामुळे देणंघेणं आधीच फिटल्यासारखं वाटतं आणि शब्दांची गरज भासते.

नट्टुवनार आता मंचाच्या कडेला बसतो. त्या दिवशी तिथे ताईच होत्या, एका हातात पोलादी टाळ, दुसऱ्यात पितळी. वर्णमच्या उत्तरार्धात एका मुलीने तीरमानमचं एक आवर्तन गाळलं. पाय थांबले नाहीत, पण ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली. ताईंनी मृदंगवादकाकडे पाहिलं, तोंडातले बोल तोडून तिच्या पायांना गाठणारा तुकडा म्हटला, आणि गायिकेने चरणाची ओळ ठरल्यापेक्षा एकदा जास्त घेतली, तेवढ्यात उरलेल्या तिघी जुळल्या. प्रेक्षकांना काहीच कळलं नाही. ओळखायची खूण एकच असते: गाणारा अचानक नाचणाऱ्यांकडे न पाहता टाळ धरणाऱ्याकडे पाहू लागतो.

शेवटी चौघी बोलल्या. प्रत्येकीला एकच गोष्ट सांगायची होती, तीही ताईंनी स्वतः तिला शिकवलेली. 'गुरुर्ब्रह्मा' म्हणायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. तो श्लोक कोणाच्याही गुरूला लागू पडतो. एक म्हणाली, "तिसऱ्या काळात माझी अरैमंडी सुटायची. ताई माझ्या डोक्याच्या वर तळहात धरून उभ्या राहायच्या. डोकं हाताला लागलं की मला कळायचं, गुडघे सरळ झालेत. आज वर्णममध्ये दोनदा हात लागल्यासारखं वाटलं." सभागृह हसलं, आणि ताई मान हलवत तीन बोटं दाखवत्या झाल्या. आवर्तन गाळणारी मुलगी फार काही बोलली नाही. "आज ताईंनी मला कुठे सांभाळलं ते त्यांना माहीत आहे," एवढंच म्हणून तिने माईक पुढे दिला.

नमस्काराचीही एक गोम आहे. तळहातांना आणि पावलांना लावलेला आलता तासाभराच्या घामाने पुन्हा ओला होतो, आणि तसंच पायांना हात लावला तर गुरूच्या रेशमी साडीच्या काठावर लाल बोटं उमटतात. म्हणून या चौघींच्या आयांनी विंगेत कोरडे पंचे ठेवले होते. सुरुवातीच्या पुष्पांजलीतली फुलंही कुणीतरी आठवणीने झाडून घेतली होती. पायाखाली आलेली एक पाकळी पुरते घसरायला. ओटी भरताना अक्षता मंचावर न सांडता ताटातच राहतील हेही पाहिलं होतं, कारण अनवाणी पायाला तांदूळ खड्यासारखे टोचतात आणि अजून समूहछायाचित्र बाकी होतं.

दक्षिणेवरून पालकांत थोडी कुजबुज झाली होती. कुणी सोन्याचं नाणं सुचवलं. मला ही चढाओढ आवडत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलींच्या आईबापांवर तिचा भार पडतो, आणि ताईंना नाही म्हणणं अवघड होतं. इथे ताईंनीच आधी सांगून टाकलं होतं: खण, नारळ, विडा, बाकी काही नाही. तरी मुलींनी एक गोष्ट केलीच. वर्गात ताल धरायला ताई लाकडी दांड्याने ज्या पाटावर ठोके देतात, तो मध्ये खोलगट झाला होता. त्यांनी सुताराकडून सागवानी पाट करून घेतला आणि दिला.

पुढच्या वर्गात ताईंनी तो वाजवून पाहिला. आवाज फार टणक येतो म्हणाल्या. जुना त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि नवा तट्टडवू शिकणाऱ्या लहान मुलींच्या तुकडीला दिला. त्यांना ठोका मोठ्याने ऐकू यावा लागतो.