फ्रिजचं दार उघडेल का?

अलिबाग-मुरूडकडे नव्या घरांत आता ओट्याखाली तयार कपाटं बसतात. त्यांचा नकाशा कॅडवर, मिलिमीटरात काढतात. 300 म्हणजे साधारण एक फूट, एवढं लक्षात ठेवा.

समजा भिंत 3000 आहे. कोपऱ्याचं कपाट 900, शेगडीखालचं 900, खणांचं 450. उरले 750. फ्रिज 600 रुंद, म्हणजे बसला! पण 3000 हे माप विटेपासून विटेपर्यंतचं. दोन्ही बाजूंना प्लास्टर आणि टाइल चढली की 60 तरी जातात. राहतात 690. फ्रिज आत जातो, पण बिजागरी भिंतीकडे असली तर दार अर्धवट उघडतं आणि आतला भाजीचा खण बाहेर निघत नाही. म्हणून टाइल लागल्यावर पुन्हा टेप धरा. आणि ड्रॉइंगवाल्याला सांगा, फ्रिजचं दार उघडं काढ. दाराची कमान भिंतीच्या रेषेला कापत असेल, तर चूक कागदावरच दिसते. इथे 450 चं कपाट 300 चं केलं की फ्रिजला 840 मिळतात.

आता त्रिकोण. सिंक, शेगडी, फ्रिज यांच्या मध्यांतली अंतरं मोजा. आपल्या नकाशात सिंक आडव्या भिंतीला, खिडकीखाली आहे. सिंक ते शेगडी चार फूट, शेगडी ते फ्रिज चार, फ्रिज ते सिंक सात, एकूण पंधरा. बारा ते सव्वीसमध्ये असलं की ठीक. हा नियम अमेरिकेतला, एकटीनं रांधणाऱ्या बाईसाठीचा. आपल्याकडे सणाला तिघी-चौघी असतात, तेव्हा ओट्यापुढे चार फूट मोकळे ठेवा.