ॲलोप्युरिनॉल : युरिक ॲसिड उतरताना सांधा का सुजतो

ॲलोप्युरिनॉल हे गाउटवरचे जुने आणि स्वस्त औषध आहे. ते वेदना शमवत नाही, आणि रक्तात आधीच असलेल्या युरिक ॲसिडलाही हात लावत नाही. नवे युरिक ॲसिड तयार होणे तेवढे ते रोखते.

शरीरातल्या पेशी सतत मोडत असतात, आणि त्यांच्यातल्या डीएनए-आरएनएमधून प्युरीन नावाची द्रव्ये सुटतात. मांस, मासे, बिअर यांतूनही ती येतात, पण मोठा वाटा शरीराचा स्वतःचाच असतो. या प्युरीनचे शेवटी हायपोझँथीन होते, हायपोझँथीनचे झँथीन आणि झँथीनचे युरिक ॲसिड. शेवटच्या या दोन्ही पायऱ्या झँथीन ऑक्सिडेज हे एकच विकर पार पाडते. त्याचे काम मुख्यतः यकृतात आणि आतड्यात चालते. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक ॲसिडचेही पुढे सहज विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. माणसात मात्र त्यासाठी लागणाऱ्या विकराचे जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले. त्यामुळे युरिक ॲसिड जसेच्या तसे मूत्रपिंडांना आणि काही प्रमाणात आतड्यांना बाहेर टाकावे लागते.

ॲलोप्युरिनॉलचा रेणू जवळजवळ हायपोझँथीनसारखाच असतो. फरक एवढाच, की त्यातल्या एका नायट्रोजनने आणि एका कार्बनने जागांची अदलाबदल केलेली असते. विकराला हा फरक ओळखता येत नाही. ते ॲलोप्युरिनॉलला नेहमीचा कच्चा माल समजून पकडते आणि त्यावर प्रक्रिया करते. त्यातून ऑक्सिप्युरिनॉल तयार होते, आणि खरा अडथळा इथे सुरू होतो. विकराच्या कामाच्या जागी मॉलिब्डेनम या धातूचा एक अणू असतो. प्रक्रिया करताना त्या अणूची विद्युत अवस्था बदलते, आणि नेमक्या त्या बदललेल्या अवस्थेत ऑक्सिप्युरिनॉल त्याला घट्ट चिकटून बसते. विकर स्वतःच बनवलेल्या पदार्थाने स्वतः अडकते. हा बंध कायमचा नसतो. काही तासांनी मॉलिब्डेनम पूर्वस्थितीला आले की तो सुटतो. म्हणून औषध रोज घ्यावे लागते. ॲलोप्युरिनॉल स्वतः एक-दोन तासांत रक्तातून निम्मे होते, पण ऑक्सिप्युरिनॉल निम्मे व्हायला सुमारे एक दिवस लागतो. दिवसातून एकदाच गोळी पुरते ती यामुळे. ऑक्सिप्युरिनॉल मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णात ते साचते, आणि अशा वेळी सुरुवातीचा डोस लहान ठेवतात.

विकर अडले की हायपोझँथीन आणि झँथीन मागे उरतात. त्यांतले काही लघवीतून जातात. हायपोझँथीनचा बराचसा भाग पेशी पुन्हा वापरतात, त्यामुळे नव्या प्युरीनची निर्मितीही काहीशी मंदावते. बहुसंख्य गाउट रुग्णांत युरिक ॲसिड जास्त तयार होते असे नसते, तर मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. तरीही औषध लागू पडते, कारण आवक घटली की तुंबलेल्या निचऱ्यावरचा भार हलका होतो.

या औषधाचा शोध गाउटसाठी लागला नव्हता. अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज रक्ताच्या कर्करोगावरच्या मर्कॅप्टोप्युरीन या औषधावर काम करत होते. झँथीन ऑक्सिडेज ते औषध शरीरात लवकर निकामी करते, म्हणून विकराला अडवणारे द्रव्य त्यांनी शोधले. ते दिलेल्या रुग्णांत युरिक ॲसिडही उतरलेले दिसले. १९६६ साली अमेरिकेत ॲलोप्युरिनॉलला मान्यता मिळाली, आणि १९८८ च्या नोबेल पुरस्कारात एलियन व हिचिंग्ज या दोघांचा वाटा होता. त्या जुन्या नात्याचा धोका मात्र आजही आहे : मर्कॅप्टोप्युरीन किंवा ॲझाथायोप्रिन चालू असताना ॲलोप्युरिनॉल नेहमीच्या हिशेबाने दिले, तर ती औषधे शरीरात साचून अस्थिमज्जेला इजा करतात.

आता सुरुवातीच्या झटक्याकडे. शरीराच्या तापमानाला रक्तात युरेट साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंतच विरघळलेले राहू शकते. पातळी वर्षानुवर्षे त्याहून जास्त राहिली की सुईसारखे बारीक स्फटिक जमतात, विशेषतः पायाच्या अंगठ्यासारख्या थंड राहणाऱ्या सांध्यांत. कूर्चेच्या पृष्ठभागावर त्यांचा थर बसतो. हा थर बराच काळ गप्प असतो. स्फटिक एकमेकांत घट्ट रुतलेले आणि प्रथिनांच्या आवरणात असतात, त्यामुळे रोगप्रतिकारक पेशींची त्यांच्याशी फारशी गाठ पडत नाही.

ॲलोप्युरिनॉलने रक्तातली पातळी एक-दोन आठवड्यांत उतरते, पण सांध्यातला साठा रिकामा व्हायला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. बहुतेक गैरसमज या तफावतीतून होतात. भोवतालचे युरेट कमी झाले की साठा विरघळू लागतो, पण सगळीकडून सारखा नाही. पाण्यात टाकलेल्या खडीसाखरेच्या कडा आधी झिजतात आणि मग तुकडे सुटतात, तसे सैल झालेले स्फटिक सांध्यातल्या द्रवात उतरतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात. पेशीच्या आत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा जागी होते, इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन बाहेर पडते, आणि पांढऱ्या पेशींचे थवे सांध्यात शिरतात. लाली, सूज आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणारी कळ ही त्याची परिणती. उतार जितका अचानक, तितकी ही शक्यता जास्त.

समजा, ५० वर्षांच्या एका रुग्णाचे युरिक ॲसिड ९.४ आहे आणि वर्षात अंगठा तीनदा सुजला आहे. डॉक्टर थेट ३०० मिलिग्रॅम न देता रोज १०० मिलिग्रॅमने सुरुवात करतात आणि सोबत कोल्चिसीनची लहान मात्रा देतात. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस वाढवत नेतात. दुसऱ्या महिन्यात रुग्ण कोल्चिसीन सोडून देतो आणि अंगठा पुन्हा ठणकतो. तपासणीत युरिक ॲसिड ६.६ येते. औषध लागू पडले नाही असे रुग्णाला वाटते. आकडा मात्र सांगतो की साठा विरघळू लागला आहे. इथे ॲलोप्युरिनॉल बंद केले तर पातळी पुन्हा चढते, आणि नंतर सुरू केल्यावर तोच उतार, तोच धोका. योग्य मार्ग म्हणजे गोळी चालू ठेवून झटक्यावर वेगळा उपचार करणे, आणि पातळी ६ च्या खाली स्थिरावेपर्यंत डोस वाढवणे. त्वचेखाली युरेटच्या गाठी असतील तर लक्ष्य ५ च्याही खाली असते. कोल्चिसीनचे संरक्षण सहसा तीन ते सहा महिने देतात.

एका बाबतीत मात्र ॲलोप्युरिनॉल ताबडतोब थांबवावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठले, विशेषतः ताप किंवा तोंडात फोड यांसह, तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. ती क्वचित होते, पण जिवावर बेतते. सांधा दुखला म्हणून गोळी सोडू नये; पुरळ दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.